सहा, सहा, सहा आणि चार

एप्रिल महिन्यात शाळा सकाळची असते. साडेअकराच्या सुमारास ती सुटली, की आमच्या ओटीवरून पोरांचा लोंढा जातो. त्या दिवशी मात्र लोंढा पुढे गेला नाही, फाटकाशीच घुटमळला. काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी मराठीचा शिक्षक म्हणून निवृत्त होऊन गावी येऊन राहिलो होतो आणि गावाच्या लेखी अजून 'गुरुजी'च होतो. सहावीच्या वर्गाची पाच-सहा मुलं आत आली. त्यांतल्या एकीच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता.

"गुरुजी, बाईंची बदली झाली. निरोपाची कविता केलीय. जरा तपासून द्या."

बाईंची बदली झाल्याचं मला आदल्या दिवशीच पारावर कळलं होतं. तिसरीपासून सलग चार वर्षं हा एकोणीस मुलांचा वर्ग त्यांच्याच हाताखाली होता. आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. म्हणजे मुलं अजून एक वर्ष इथेच राहणार होती आणि बाई जाणार होत्या. एरवी शाळेतून मुलं जातात आणि शिक्षक मागे राहतो. बदलीत हे उलटं होतं, आणि म्हणूनच मुलांना ते झेपत नाही.

मी कागद वाचला. 'बाई तुम्ही ज्ञानाचा सागर, आमच्या जीवनाचा आधार' अशी सुरुवात होती. पुढे दीपस्तंभ होता, कल्पवृक्ष होता, 'पोकळी' होती, आणि शेवटी 'तुमची स्मृती सदैव राहील' असं होतं. ओळी कुठून आल्या असं विचारल्यावर मुलं एकमेकांकडे पाहू लागली. काही मोठ्या भावाच्या मोबाईलवरून उतरवल्या होत्या, काही गेल्या वर्षीच्या भाषणाच्या कागदावरून. एक मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "गुरुजी, काल घरी म्हणून दाखवली, तर आमचे अण्णा म्हणले, कोण वारलं?"

आम्ही सगळे हसलो, पण अण्णांनी नेमकं बोट ठेवलं होतं. निरोपाच्या कवितेला होणारा पहिला आजार हाच. जाणारं माणूस जिवंत आहे, पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी फळ्यापुढे उभं राहणार आहे, हे विसरून आपण त्याच्यावर श्रद्धांजली लिहितो. तो ओळखायची खूण सोपी आहे. कवितेत 'स्मृती', 'पोकळी', 'अमर' असले शब्द दिसले की समजावं.

दुसरा आजार त्याहून सार्वत्रिक. मी मुलांना म्हटलं, "शेजारच्या वाडीच्या शाळेतल्या बाईंना हीच कविता दिली तर चालेल का?" मुलांनी विचार केला. एक जण म्हणाला, "चालेल की." दुसरी म्हणाली, "मुख्याध्यापकांनाही चालेल." मग मीच विचारलं, "मग यात आपल्या बाई कुठे आहेत?" कोणी काही बोललं नाही.

१ मे रोजी झेंडावंदन आणि निकाल झाले की निरोपाचा कार्यक्रम होता. हाती आठ दिवस होते.

*

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग ओटीवर आला. प्रत्येकाला मी एक चिठ्ठी दिली आणि सांगितलं, बाईंनी तुमच्या बाबतीत केलेली एकच गोष्ट लिहा. ती कुठे घडली, हातात काय होतं, पाऊस होता की ऊन, तेही लिहा. फक्त चार शब्द वापरायचे नाहीत: महान, आदर्श, प्रेमळ आणि ज्ञान. ज्याला लिहिता येत नाही असं वाटेल त्याने माझ्या कानात सांगावं.

अर्ध्या तासाने एकोणीस चिठ्ठ्या गोळा झाल्या. त्या वाचताना माझाच आवाज मधून मधून घोगरा झाला. पावसाळ्यात शाळेमागच्या ओढ्याला पाणी चढलं, की पलीकडच्या वस्तीवरची मुलं घरच्यांच्या ताब्यात जाईपर्यंत बाई छत्री धरून काठावर उभ्या राहत. एका मुलाला तिसरीत येईपर्यंत जोडाक्षरं वाचता येत नव्हती. बाई त्याच्या घरी गेल्या, अंगणात पडलेली खताची रिकामी गोणी पसरली आणि तिच्यावरच्या छापील शब्दांवरून त्याला वाचायला शिकवलं. एका मुलीची आई मजुरीला जायची, म्हणून चौथीत तिची शाळा सुटायची वेळ आली होती, कारण धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. बाईंनी निरोप धाडला, "भावाला घेऊन ये." वर्षभर ती भावाला मांडीवर घेऊन गणितं सोडवत होती. एका मुलाने लिहिलं होतं, "मला एकदा चापट मारली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढे म्हणाल्या, माझं चुकलं, मला रात्रभर झोप लागली नाही."

आणि एका चिठ्ठीवर फक्त एवढंच होतं: "बदलीचा अर्ज त्यांनीच भरला."

ती चिठ्ठी भावाला मांडीवर घेऊन शिकलेल्या मुलीचीच होती. मी ती मोठ्याने वाचली नाही, खिशात ठेवली.

*

आता या गोष्टींची कविता करायची कशी? मुक्तछंद मुलांना सोपा वाटतो, पण त्यात मुलं लांबलचक वाक्यं लिहून ती मोडत बसतात. उलट नुसत्या यमकाच्या मागे लागलं, की 'सागर'ला 'आगर' आणि 'आगर'ला 'जागर' जोडत गाडी भलतीकडे जाते. मला वाटलं, या मुलांच्या कानात जी चाल लहानपणापासून आहे तीच घ्यावी. आमच्या गावात काकडा होतो, एकादशीला भजन होतं. टाळ धरून उभं राहिलेल्या पोराला अभंगाचं वळण शिकवावं लागत नाही.

नामदेव-तुकारामांनी वापरलेला जो मोठा अभंग, त्याचं माप अगदी साधं आहे. चार चरण. पहिल्या तिन्ही चरणांत सहा-सहा अक्षरं आणि शेवटच्या चरणात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी जुळवायचं, पहिला आणि चौथा मोकळे. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, जोडाक्षर एकच धरायचं. 'ओढ्याला' म्हणजे ओ, ढ्या, ला, अशी तीन अक्षरं. एवढं सांगितलं की बोटं मोजायला मोकळी.

तरी सुरुवातीला गडबड झालीच. मुलं टाळ्या वाजवून मोजू लागली आणि माप चुकू लागलं. कारण बोलताना आपण 'चापट' हा शब्द 'चा-पट' असा दोन ठोक्यांत उरकतो. अभंगात मात्र चा, प, ट ही तीनही अक्षरं मोजायची. गाताना तो शेवटचा 'ट' आपोआप सुटा होतो. मी म्हटलं, टाळ्या सोडा, भजनातल्यासारखं म्हणून पाहा. म्हटल्याबरोबर मुलांना चूक ऐकू येऊ लागली. सहाच्या जागी सात अक्षरं आली की चाल अडखळे आणि कोणीतरी ओरडे, "गुरुजी, सांडलं!"

ओढ्याचं कडवं सगळ्यांनी मिळून केलं. आधी कोणीतरी 'पावसामध्ये उभ्या राहती' असं सुचवलं होतं. ते मापातही नव्हतं आणि त्यातून काही दिसतही नव्हतं. मग वस्तीवरचा एक मुलगा म्हणाला, "पाणी उतरत नव्हतं आणि बाई सरकत नव्हत्या." कडवं तिथेच झालं होतं. फक्त मोजायचं राहिलं होतं.

ओढ्याला आलेलं
पाणी उतरेना
बाई सरकेना
काठावर

इथे एक शंका निघाली. 'सरकेना' हे एकेरी झालं, बाईंना 'सरकेनात' म्हणायला हवं. शंका रास्त होती. पण 'सरकेनात' केलं की सात अक्षरं होतात आणि यमकही जातं. बरीच चर्चा झाली. शेवटी आजीकडून ओव्या ऐकलेली एक मुलगी म्हणाली, "गाण्यात आईला पण अगं-तुगं करतात." तेवढ्या एका जागी एकेरी ठेवायचं आणि पुढे कुठे करायचं नाही, असं ठरलं.

गोणीचं कडवं त्या मुलाने स्वतः केलं. एका दुपारी तो एकटाच आला आणि बोटं मोजत म्हणाला:

खताच्या गोणीची
अक्षरं फोडली
मग ती जोडली
ओठांवर

मी त्यात काही बदललं नाही. जोडाक्षर शिकणं म्हणजे आधी फोडणं आणि मग जोडणं, हे माझ्या सगळ्या नोकरीत मला इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

मांडीवरच्या भावाचं कडवं दोन मुलींनी केलं. त्या वेळचं ते बाळ आता अंगणवाडीत जात होतं.

भाऊ मांडीवर
भागाकार चाले
त्यालाही ते आले
बघताना

खरी परीक्षा पाहिली ती चापटीच्या कडव्याने. ज्याला चापट बसली होती त्याच्या मित्रांनी मोठ्या हौसेने ते करून आणलं: 'दोनच चापट्या, गालाला लागल्या, बाईच जागल्या, रात्रभर'. माप बरोबर, यमक घोटीव. सगळ्यांनी वाहवा केली. तो मुलगा मात्र खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "पण एकच मारली होती."

"अरे, एकाने काय होतंय? 'लागल्या'ला 'जागल्या' जुळतंय ना!"

"जुळतंय, पण एकच मारली होती."

यमक माणसाला खोटं बोलायला लावतं, ते हे असं. आणि ते खोटं कोणाला कळतं? ऐकणाऱ्या गावाला कळणार नाही. कळेल दोघांनाच, त्या मुलाला आणि बाईंना. कविता तर त्या दोघांसाठीच होती. बाईंना एका चापटीने रात्रभर झोप आली नाही, त्यांच्या नावावर आपण दोन चापट्या कशा मांडायच्या? कडवं मोडलं. चांगलं जमलेलं कडवं मोडायला मुलांना जड गेलं, दोघंजण रुसलेही. पण दुसऱ्या दिवशी त्याच मित्रांनी नवं आणलं, आणि ते पहिल्यापेक्षा सरस होतं.

एकच चापट
माझ्या गालावर
सल रात्रभर
बाईंनाच

*

खिशातली चिठ्ठी मी विसरलो नव्हतो.

अर्ज बाईंनी स्वतः भरला होता, हे खरं होतं. प्राथमिक शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या २०१७ सालच्या शासन निर्णयानंतर संगणकावर होऊ लागल्या. शिक्षकाने आपली माहिती आणि हव्या असलेल्या शाळा तिथे भरायच्या. पती-पत्नी ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावर नोकरी करत असतील, तर एकत्र येण्यासाठी त्यांना प्राधान्य मागता येतं. बाईंचे यजमानही शिक्षकच, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आठ वर्षांची मुलगी तिकडे आजीजवळ. बाई इथे भाड्याच्या खोलीत राहत, शनिवारी दुपारच्या एसटीने जात आणि सोमवारी पहाटे निघून परिपाठाला हजर होत.

मुलांना बदली म्हणजे वरून येणारा हुकूम वाटत होता, आणि हुकमावर कोणी रागावत नाही. पण अर्ज बाईंनीच भरला असं कुणाकडून तरी त्या मुलीच्या कानावर आलं आणि तिच्या मनात अढी बसली. ज्यांनी आपल्याला शाळेत टिकवलं, त्याच आपण होऊन चालल्या.

मी तिला म्हटलं, "हे कवितेत घालायचं का?" ती म्हणाली, "तुम्ही घालू देणार नाही." मी म्हटलं, "मोजून आण, मग बघू."

तिने आणलं.

तुम्हीच लिहिला
अर्ज बदलीचा
राग या गोष्टीचा
अजूनही

वर्गात एकच गलका झाला. निरोपाच्या दिवशी असं म्हणतात का? बाईंना वाईट वाटेल. मुख्याध्यापक काय म्हणतील? मलाही क्षणभर वाटलं, वगळावं. पण मग त्या कवितेत उरलं असतं काय? चार गोड आठवणी. रागावलेलं पोर गोड बोललं, तर शिक्षकाला ते लगेच कळतं. मी एवढंच म्हटलं, "हे कडवं ठेवायचं असेल, तर याच्या पुढचं कडवं तुम्हाला करावं लागेल. अर्ज त्यांनी का भरला, ते त्यात यायला हवं." आणि शनिवारच्या एसटीची गोष्ट त्यांना सांगितली. बाईंना मुलगी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती आपल्याहून लहान आहे आणि आठवड्यातून एकच दिवस तिला आई मिळते, हे कोणी मोजून पाहिलं नव्हतं.

पुढचं कडवं कोणी केलं, ते मला आजतागायत माहीत नाही. सकाळी ओटीवर दगडाखाली चिठ्ठी ठेवलेली सापडली.

तुमची लेकही
वाट पाहणारी
जा आता माघारी
तिच्याकडे

पहिली चार कडवी बाईंविषयी होती. पाचव्यापासून मुलं बाईंशी बोलू लागली होती. हे वळण मी शिकवलं नव्हतं. ते रागातून आलं होतं. आणि निरोपाच्या कवितेने जे करायला हवं, ते या सहाव्या कडव्याने केलं होतं. त्याने बाईंना जायची मोकळीक दिली होती. 'आम्हाला सोडून जाऊ नका' असं पोरांनी म्हणणं स्वाभाविक आहे, पण ज्याला जायचंच आहे त्याच्या पाठीवर ते ओझं होतं. शेवटचं कडवं मग सहज झालं.

नव्या त्या शाळेत
असो नसो ओढा
थांबा तरी थोडा
काठावर

*

आता म्हणायचं कसं? अशा कार्यक्रमांत हमखास होणारी फजिती म्हणजे म्हणणारं पोर दुसऱ्या ओळीला रडू लागतं, मग सगळेच रडतात आणि कविता राहून जाते. त्यावर आम्ही एक तोड काढली. ज्याचं कडवं त्याने म्हणायचं नाही, दुसऱ्याने म्हणायचं. आणि सहा अक्षरांचे तीन चरण एकाने म्हटले, की चार अक्षरांचा शेवटचा चरण भजनात झिलकऱ्यांनी उचलावा तसा सगळ्या वर्गाने उचलायचा. एकट्याचा गळा दाटला तरी मागून आधार असतो. चालीत गायचं नाही, नुसतं सावकाश म्हणायचं, म्हणजे शब्द ऐकू येतात.

सगळे कबूल झाले, ती मुलगी सोडून. "माझं मीच म्हणणार." मी फार ताणलं नाही.

कविता एका मोठ्या कार्डशीटवर उतरवली. सात कडवी सात हातांची. गोणीचं कडवं त्याच मुलाने लिहिलं. 'अक्षरं' या शब्दातला क्ष त्याने इतका जपून काढला होता, की तो बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोठा झाला होता.

१ मे रोजी झेंडावंदन झालं, निकाल वाटले गेले. शाळा व्यवस्थापन समितीने शाल आणि नारळ दिला, दोन भाषणं झाली. त्यांत सागरही आला आणि दीपस्तंभही. मग सहावीचा वर्ग उभा राहिला. ओढ्याच्या कडव्याला बाई हसल्या. गोणीच्या कडव्याला त्यांनी त्या मुलाकडे पाहिलं. 'एकच चापट' ऐकल्यावर त्यांनी डोळ्यांना पदर लावला. 'बाईंनाच' हा चरण सगळ्या वर्गाने उचलला.

मग ती मुलगी पुढे आली. तिने तीन चरण म्हटले. 'तुम्हीच लिहिला, अर्ज बदलीचा, राग या गोष्टीचा...' मागे अठरा तोंडं 'अजूनही' म्हणायला उघडली होती. पण तीच आधी बोलली.

"आला होता."

वर्ग गोंधळला. दोघातिघांच्या तोंडून अर्धवट 'अजू...' निघालं आणि विरलं. मी मनातल्या मनात मोजलं. आ, ला, हो, ता. चारच. मापात कुठेही सांडलं नव्हतं. तिने हे आधी ठरवलं होतं की बाईंकडे पाहता पाहता सुचलं, ते मी तिला कधी विचारलं नाही.

पुढचं कडवं सुरू व्हायला जरा वेळ लागला. मागच्या रांगेतून कोणीतरी हळू आवाजात 'तुमची लेकही' म्हणून सुरुवात केली. शेवटच्या 'तिच्याकडे'ला वर्गाबरोबर खुर्च्यांवरची चार-पाच मोठी माणसंही बोलली.

दुपारी बाई एसटीच्या थांब्यावर गेल्या, तेव्हा बरोबर एक बॅग, शाल-नारळाची पिशवी आणि गुंडाळी केलेलं कार्डशीट होतं. बॅग दोन मुलांनी धरली होती. कार्डशीट मात्र त्यांनी कोणाच्या हाती दिलं नाही. गाडी आली, तशी ती मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "बाई, कागदावर 'अजूनही' लिहिलंय. तेवढं खोडा."

बाई पायरीवर थांबल्या. म्हणाल्या, "नाही खोडणार. दोन्ही खरंच होतं ना?"

कंडक्टरने घंटी वाजवली.